शेवटच्या दिवसाचा हिशेब

नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाचा हिशेब करायला बसलं, की टेबलावर तीनच गोष्टी असतात: तो रुजू झाला ती तारीख, त्याचा शेवटचा पगार आणि त्याची झालेली वर्षं. पहिली आणि दुसरी कागदावर लिहिलेली असते, तिसरी वजाबाकी करून मिळते. एवढं हाती असलं की ग्रॅच्युइटीचा गुणाकार आठवीतल्या मुलालाही जमेल. तरीही पगार विभागात इतकी वर्षं काढल्यावर सांगतो, मी पाहिलेले बहुतेक चुकलेले हिशेब गुणाकारात चुकलेले नव्हते. ते या तीन आकड्यांतच चुकले होते. कुणाची तारीख भलत्या कागदावरून घेतली होती, कुणाचा पगार भलत्या रकान्यातून, आणि रजेच्या पैशांना तर बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीचाच दर लावून टाकलेला होता.

ही पुस्तिका त्या तीन आकड्यांसाठी लिहिली आहे. कारखान्याच्या पगार विभागात नव्याने बसलेल्या कारकुनाला ती उपयोगी पडावी, आणि हिशेबाचा कागद हातात घेऊन घरी जाणाऱ्या कामगारालाही तो कागद वाचता यावा, असा हेतू आहे. पुढच्या प्रकरणांत नमुने आहेत, तक्ते आहेत. प्रस्तावनेत मी एकच माणूस घेतो आणि त्याचा हिशेब शेवटपर्यंत करून दाखवतो. हा माणूस नमुन्यादाखल उभा केलेला आहे, पण त्याच्या कागदांत ज्या गाठी आहेत त्या सगळ्या मी खऱ्या कागदांत पाहिलेल्या आहेत.

महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातला हा फिटर. १७ ऑगस्ट २००९ रोजी तो परिवीक्षेवर, म्हणजे बोलीभाषेत प्रोबेशनवर, कामाला लागला. सहा महिन्यांनी, १७ फेब्रुवारी २०१० रोजी, त्याला कायम केल्याचं पत्र मिळालं. २८ जून २०२४, शुक्रवार, हा त्याचा शेवटचा दिवस. गावाकडे शेती बघायला जायचं म्हणून त्याने रीतसर नोटीस देऊन राजीनामा दिला. शेवटचा पगार असा: मूळ वेतन १४,३०० रुपये, महागाई भत्ता ८,४५०, घरभाडे भत्ता ३,९००, वाहतूक भत्ता १,९५० आणि विशेष भत्ता २,६००. एकूण ३१,२०० रुपये. त्याच्या हिशेबाच्या वेळी लागू होते ते कायदे म्हणजे १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा (सरकारी मराठीत उपदान प्रदान अधिनियम) आणि १९४८ चा कारखाने अधिनियम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. त्याने काय बदललं ते पुढे येईल, पण हिशेबाची रीत समजायला जुना कायदा आधी समजून घेणं सोपं जातं, आणि जुने अडकलेले हिशेब अजून बरेच आहेत.

आधी तारीख. या फिटरच्या वैयक्तिक फाइलमध्ये सगळ्यात वर काय सापडेल? कायम केल्याचं पत्र. ते कंपनीच्या चांगल्या कागदावर असतं, त्यावर व्यवस्थापकाची सही असते, वेतनश्रेणी असते. नवा कारकून ती तारीख उचलतो. १७ फेब्रुवारी २०१० पासून मोजलं तर १६ फेब्रुवारी २०२४ ला चौदा वर्षं पुरी होतात आणि वर चार महिने बारा दिवस उरतात. कायदा सांगतो, पूर्ण वर्ष धरा, आणि शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून जास्त असेल तर त्याचंही एक वर्ष धरा. चार महिने बारा दिवस सहा महिन्यांहून जास्त होत नाहीत, म्हणून हा तुकडा गळतो आणि उत्तर येतं चौदा.

पण ग्रॅच्युइटी ही कायम नोकरीची मोजणी नाही, ती अखंड सेवेची मोजणी आहे. परिवीक्षेचे सहा महिने त्याने याच छताखाली, याच मालकाकडे, याच हजेरीपटावर काढलेले आहेत. म्हणून खरी तारीख १७ ऑगस्ट २००९. तिथून १६ ऑगस्ट २०२३ ला चौदा वर्षं पुरी होतात आणि उरतात दहा महिने बारा दिवस. हा तुकडा सहा महिन्यांच्या वर आहे, म्हणून वर्षं पंधरा. फाइलमधला कुठला कागद वर ठेवलेला आहे, एवढ्याशा कारणाने एक वर्ष हलतं.

म्हणून रुजू तारीख एका कागदावरून कधी घेऊ नये. पहिल्या महिन्याचं पगारपत्रक काढावं, त्या काळचा हजेरीपट काढावा, भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातली रुजू तारीख पाहावी, राज्य विमा योजनेची नोंद पाहावी. चारही जुळल्या तर प्रश्न मिटला. जुळल्या नाहीत तर सगळ्यात जुनी तारीख का जुनी आहे, याचं उत्तर शोधावं. इथे एक खरा फरक लक्षात ठेवावा लागतो. शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली घेतलेला अप्रेंटिस हा ग्रॅच्युइटी कायद्याच्या व्याख्येत कर्मचारी नाही, त्याचा तो काळ धरला जात नाही. पण नुसता ‘ट्रेनी’ असा शिक्का मारून ज्याच्याकडून पहिल्या दिवसापासून यंत्रावर उत्पादन काढून घेतलं, त्याच्या नावापुढे काय लिहिलंय यापेक्षा तो करत काय होता, हे विचारलं जातं. असे वाद मी पाहिले आहेत, आणि त्यांत हजेरीपटाची जुनी पानं नियुक्तिपत्रापेक्षा जास्त बोलतात. त्यासाठीच जुने हजेरीपट रद्दीत देऊ नयेत.

अखंड सेवा म्हणजे एकही खाडा नसलेली सेवा, असंही नव्हे. आजारपण, अपघात, रजा, मंजुरीशिवायची गैरहजेरी जिच्याबद्दल सेवाखंड ठरवणारा रीतसर आदेश काढलेला नाही, लेऑफ, कायदेशीर संप, यांनी सेवा तुटत नाही. आणि ज्या वर्षात ती तुटल्यासारखी दिसते, त्या वर्षात माणसाने २४० दिवस काम केलं असेल तर ते वर्ष अखंड समजलं जातं. जमिनीखालच्या खाणीत किंवा आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्या आस्थापनेत हाच आकडा १९० आहे. आपल्या फिटरच्या २०१५ च्या पानावर अडीच महिन्यांची बिनपगारी रजा दिसते, वडिलांच्या आजारपणाची. एखादा कारकून ते अडीच महिने एकूण सेवेतून वजा करायला जातो. तसं करायचं नाही. रजा मंजूर होती, सेवा चालूच होती, पंधरा हे पंधराच राहतात.

याच जागी पाच वर्षांची अट येते, आणि तिथे दोन नियमांची सरमिसळ होते. सहा महिन्यांवरच्या तुकड्याचं वर्ष धरायचं, हा नियम रक्कम मोजण्यासाठी आहे. हक्क निर्माण होण्यासाठी पाच वर्षांची अखंड सेवा लागते. म्हणून चार वर्षं सात महिने झालेल्या माणसाला ‘सहाच्या वर आहेत, पाच झाली’ असं सांगता येत नाही. मात्र पाचव्या वर्षात २४० दिवस भरले असतील तर २४० दिवसांच्या त्याच नियमाने पाचवं वर्ष पुरं झालं, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने मेत्तूर बीअर्डसेल प्रकरणात दिलेला आहे. अनेक कंपन्या तो मानतात, काही मानत नाहीत. असं प्रकरण हातात आलं तर पाचव्या वर्षाचे भरलेले दिवस मोजून कागदावर लिहून ठेवावेत, कारण पुढचा सगळा वाद त्या आकड्यावर होणार असतो. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. दोन वर्षांत गेलेल्या कामगाराच्या बायकोला ‘पाच वर्षं झाली नव्हती’ म्हणून परत पाठवल्याचं मी एकदा पाहिलं. ती बाई काही न बोलता उठून गेली होती. तिला परत बोलावून पैसे द्यायला चार महिने लागले. त्या घरात ते चार महिने कसे गेले असतील, हे आजही माझ्या मनातून जात नाही.

आता दुसरा आकडा, पगार. ग्रॅच्युइटीसाठी १९७२ च्या कायद्यात वेतन म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. बोनस, कमिशन, घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम आणि इतर कुठलेही भत्ते त्यात नाहीत. आपल्या फिटरचे १४,३०० आणि ८,४५० मिळून २२,७५० रुपये होतात. महागाई भत्ता विसरून नुसत्या मूळ वेतनावर हिशेब केला तर त्याचं फार मोठं नुकसान होतं, आणि हे विसरणं दुर्मीळ नाही. काही छोट्या कारखान्यांत किमान वेतनाचा विशेष भत्ता, जो खरं तर महागाई निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ताच असतो, तो पगारपत्रकावर ‘विशेष भत्ता’ या नावाने छापलेला असतो. तो दर सहा महिन्यांनी सरकारच्या घोषणेप्रमाणे बदलत असेल, तर नाव काहीही असो, तो महागाई भत्ता आहे. आपल्या फिटरचा २,६०० रुपयांचा विशेष भत्ता मात्र तसा नाही. तो कंपनीने वेतनकरारात ठरवून दिलेली ठोक रक्कम आहे, म्हणून जुन्या कायद्याच्या हिशेबात तो बाहेर राहतो.

यानंतर येतो सव्वीसचा आकडा, ज्यावर मी माझ्या पहिल्या नोकरीत चुकलो. कायदा म्हणतो, दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन. महिन्याचे दिवस तीस, पंधरा म्हणजे अर्धे, म्हणून अर्धा पगार गुणिले वर्षं, असा मी हिशेब केला होता. दिसायला तो बरोबरच वाटतो. पण महिन्याचा पगार हा आठवड्याच्या सुट्ट्या सोडून सव्वीस दिवसांच्या कामाचा मोबदला आहे. तेव्हा एका दिवसाचं वेतन म्हणजे पगार भागिले सव्वीस, आणि पंधरा दिवसांचं वेतन म्हणजे त्याच्या पंधरा पट. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिग्विजय वूलन मिल्सच्या प्रकरणात ही रीत मान्य केली, आणि १९८७ च्या दुरुस्तीने कायद्यातच तसं स्पष्टीकरण घातलं गेलं. त्यानंतर मासिक पगारदारासाठी या बाबतीत शंकेला जागाच उरली नाही.

आपल्या फिटरसाठी २२,७५० भागिले २६ म्हणजे ८७५ रुपये रोज. पंधरा दिवसांचे १३,१२५. पंधरा वर्षांचे १,९६,८७५ रुपये. ही त्याची ग्रॅच्युइटी. तीसने भागलं असतं तर १,७०,६२५ आली असती, म्हणजे २६,२५० रुपये कमी. तारीख चुकवून चौदा वर्षं धरली असती तर १,८३,७५० आली असती. नुसतं मूळ वेतन धरलं असतं तर १,२३,७५०. चारही कागद नीटनेटके दिसतात, चारही ठिकाणी बेरीज-गुणाकार अचूक असतो. म्हणूनच हिशेब पाहणाऱ्याने उत्तराकडे न पाहता भाजक, वेतन आणि तारीख या तीन जागांकडे पाहावं. अंगावर, म्हणजे नगावर काम करणाऱ्याचं रोजचं वेतन गेल्या तीन महिन्यांच्या सरासरीवरून काढतात, त्यातही ओव्हरटाइम धरत नाहीत. हंगामी कारखान्यात, उदाहरणार्थ साखर कारखान्यात, फक्त हंगामापुरतं काम करणाऱ्याला दर हंगामामागे सात दिवसांचं वेतन मिळतं. त्यांची स्वतंत्र प्रकरणं पुढे आहेत.

कायद्याने देणं बंधनकारक असलेली कमाल रक्कम २९ मार्च २०१८ पासून वीस लाख रुपये आहे, त्याआधी २०१० पासून ती दहा लाख होती. कराराने किंवा स्वखुशीने मालक याहून जास्त देऊ शकतो, कमी देऊ शकत नाही.

आता रजेकडे येतो, कारण इथे सगळं उलटं होतं आणि ते कुणी सांगत नाही. कारखाने अधिनियमाखाली वर्षात २४० दिवस भरलेल्या प्रौढ कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा पुढच्या वर्षासाठी मिळते. आपल्या फिटरने २०२३ मध्ये २८६ दिवस काम केलं. वीसने भागल्यावर १४.३ येतात. अर्ध्यापेक्षा कमी अपूर्णांक सोडायचा, म्हणून चौदा दिवस. त्याआधीची न घेतलेली एकोणीस दिवसांची रजा पुढे आलेली होती. जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या खात्यावर तेहेतीस दिवस होते. चालू वर्षात त्याने त्यातले नऊ दिवस घेतले, उरले चोवीस.

बरेच हिशेब इथे थांबतात. कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘या वर्षी २४० दिवस कुठे झालेत?’ पण कायद्यानेच या प्रसंगाचा वेगळा विचार केलेला आहे. माणूस वर्षाच्या मध्येच नोकरी सोडून गेला, काढला गेला, निवृत्त झाला किंवा वारला, तर त्या चालू वर्षाची रजाही त्याच दराने धरायची, २४० दिवस भरलेले नसले तरी. आपल्या फिटरने जानेवारीपासून २८ जूनपर्यंत १३७ दिवस काम केलं. वीसने भागल्यावर ६.८५ येतात, अर्ध्याहून जास्त अपूर्णांकाचा एक दिवस, म्हणून सात. चोवीस आणि सात, एकतीस दिवस.

एकतीस पाहिल्यावर हिशेब तपासणारा लगेच लाल पेन उचलतो: ‘मर्यादा तीस आहे.’ ती मर्यादा आहे, पण ती एका वर्षातली उरलेली रजा पुढच्या वर्षात नेण्याची आहे. आपल्या फिटरने पुढे आणलेले दिवस एकोणीसच होते. निघताना हाती किती दिवस असावेत यावर ती मर्यादा नाही. हा एक दिवस लहान वाटतो, पण त्याच्या खात्यातून कापायचा अधिकार कुणाला नाही.

आणि आता दर. ग्रॅच्युइटीसाठी ज्या भत्त्यांना दाराबाहेर ठेवलं, ते इथे आत येतात. कारखाने अधिनियमात रजेचं वेतन म्हणजे आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या एकूण कमाईची रोजची सरासरी. महागाई भत्ता त्यात आहेच, ओव्हरटाइम आणि बोनस मात्र नाहीत. मे २०२४ मध्ये चार रविवार आणि १ मेची महाराष्ट्र दिनाची सुट्टी सोडून सव्वीस दिवस कारखाना चालू होता, आणि हा माणूस सव्वीसही दिवस हजर होता. एकूण कमाई ३१,२००. रोजचे १,२०० रुपये. एकतीस दिवसांचे ३७,२०० रुपये.

ग्रॅच्युइटीचाच ८७५ रुपयांचा दर इथे उचलून आणला आणि चालू वर्षाचे सात दिवस सोडून चोवीस धरले, तर उत्तर येतं २१,०००. म्हणजे सोळा हजार दोनशे रुपये कमी. माझ्या अनुभवात कामगाराचं सगळ्यात जास्त गुपचूप नुकसान याच जागी होतं, कारण ग्रॅच्युइटीबद्दल त्याने कुणाकडून तरी ऐकलेलं असतं, रजेच्या दराबद्दल कुणीच सांगितलेलं नसतं. दुकानं आणि कार्यालयांना १९४८ चा कारखाने अधिनियम नव्हे तर महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. तिथेही वीस दिवसांमागे एकच दिवस आहे, पण साठवण्याची मर्यादा पंचेचाळीस दिवसांची आहे. सरकारी नोकरांचं गणित अगदीच निराळं. तिथे अर्जित रजेच्या तीनशे दिवसांपर्यंत रोख रक्कम मिळते. त्यात मी शिरलेलो नाही, कारण ते नियम सरकारी सेवेचे आहेत आणि त्यांचा भाजकही तीस आहे. शेजारच्या शिक्षकाचा हिशेब पाहून कारखान्यातला माणूस भांडायला येतो, तेव्हा एवढंच समजावून सांगावं लागतं.

तेव्हा या फिटरच्या हिशेबात ग्रॅच्युइटी १,९६,८७५ आणि रजेचे ३७,२००, मिळून २,३४,०७५ रुपये. जूनच्या अठ्ठावीस दिवसांचा पगार आणि त्या वर्षाचा देय बोनस वेगळा. या दोन रकमांच्या मुदतीही वेगळ्या आहेत. रजेचे पैसे नोकरी सोडल्यावर दुसरा कामाचा दिवस संपण्याआधी द्यायचे. शुक्रवारी माणूस गेला, शनिवार पहिला, सोमवार १ जुलै हा दुसरा. ग्रॅच्युइटी मात्र देय झाल्यापासून तीस दिवसांत. कामगाराने अर्ज दिला नाही म्हणून थांबता येत नाही. रक्कम ठरवून त्याला आणि नियंत्रक प्राधिकाऱ्याला लेखी कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे. उशीर झाला तर सरळव्याज लागतं, १९८७ पासून त्याचा दर वर्षाला दहा टक्के ठरवलेला होता, आणि ते तीस दिवस उलटल्यापासून नव्हे, देय झालेल्या तारखेपासून मोजायचं. या फिटरला पैसे पाच महिन्यांनी मिळाले असते तर व्याजच सुमारे ८,२०० रुपये झालं असतं.

कपातीबद्दल थोडं सांगायला हवं. नोटीस कमी दिली, सोसायटीचं कर्ज बाकी आहे, गणवेश जमा केला नाही, अशी कारणं दाखवून ग्रॅच्युइटी अडवलेली मी पाहिली आहे. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणं मोजकी ठेवली होती: मालमत्तेचं नुकसान करणाऱ्या हेतुपुरस्सर कृत्याबद्दल किंवा निष्काळजीपणाबद्दल कामावरून काढलं असेल तर नुकसानीपुरती, आणि दंगलखोरी, हिंसा किंवा कामाच्या ओघात केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा यासाठी काढलं असेल तर अंशतः किंवा पूर्ण. या सगळ्यांत कामावरून काढलेलं असणं ही पहिली पायरी आहे. राजीनामा देऊन गेलेल्या माणसाला यातलं काहीच लागू होत नाही. दिवाणी न्यायालयाच्या वसुलीतही ग्रॅच्युइटी जप्त होत नाही.

कराचा प्रश्न बहुतेक कामगारांना भेडसावतो, पण या फिटरला भेडसावण्याचं कारण नाही. कायद्याच्या सूत्राने आलेली ग्रॅच्युइटी, आयुष्यभरात सगळ्या मालकांकडून मिळून वीस लाखांपर्यंत, करमुक्त आहे. नोकरी सोडताना मिळालेल्या रजेच्या पैशांना खासगी कर्मचाऱ्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून पंचवीस लाखांपर्यंत सूट आहे, आधी ती तीन लाखच होती. त्यात दहा महिन्यांच्या सरासरी पगाराची आणि वर्षामागे तीस दिवसांची वेगळी मर्यादाही आहे, मोठ्या पगारांना ती आड येते. नोकरीत असतानाच दर वर्षी रजा विकून घेतलेल्या पैशांना मात्र ही सूट नाही.

आता नव्या संहितांबद्दल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ग्रॅच्युइटी सामाजिक सुरक्षा संहितेखाली आली. पंधरा भागिले सव्वीसचं सूत्र तेच आहे, पाच वर्षांची सर्वसाधारण अटही तीच आहे. मुदतीच्या करारावर घेतलेल्या कर्मचाऱ्याला मात्र आता एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. मोठा बदल वेतनाच्या व्याख्येत आहे. आधी मूळ वेतन आणि महागाई भत्ता आत होता, बाकी सगळे भत्ते बाहेर. आता सगळा मोबदला आत आहे आणि फक्त यादीत नाव घेतलेल्या बाबी बाहेर: घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, बोनस, कमिशन, ओव्हरटाइम वगैरे. ‘विशेष भत्ता’ त्या यादीत नाही. आपल्या फिटरसारखाच पगार असलेला माणूस नव्या व्याख्येने पाहिला तर त्याचं वेतन २२,७५० आणि २,६०० मिळून २५,३५० होतं, रोज ९७५ रुपये, आणि पंधरा वर्षांची ग्रॅच्युइटी २,१९,३७५ रुपये. त्याच पगारावर साडेबावीस हजारांचा फरक.

दुसरी अट अशी की या वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर निम्म्याच्या वरचा भाग परत वेतनात धरायचा. समजा एखाद्याचा एकूण पगार चाळीस हजार, त्यात मूळ वेतन फक्त बारा हजार आणि उरलेले अठ्ठावीस हजार घरभाडे आणि वाहतूक भत्त्याचे. निम्मे म्हणजे वीस हजार. अठ्ठावीस हजारांतले आठ हजार वेतनात परत येतात आणि वेतन वीस हजार होतं. मूळ वेतन मुद्दाम बारीक ठेवून ग्रॅच्युइटी वाचवण्याची जी रीत अनेक ठिकाणी रुळली होती, तिचा रस्ता या अटीने अडवला. रजेच्या बाबतीतही नव्या संहितेने २४० दिवसांची अट १८० वर आणली आहे, आणि नोकरी संपल्यावर वेतनाचं देणं दोन कामाच्या दिवसांत देण्याचा नियम आता राजीनामा देणाऱ्यालाही स्पष्टपणे लागू आहे.

पुस्तिकेच्या शेवटी हिशेबाचा एक कोरा नमुना दिला आहे. त्यात मी मुद्दाम रकमेच्या आधी चार रकाने ठेवले आहेत: रुजू तारीख कुठल्या कागदावरून घेतली, शेवटचा तुकडा किती महिने आणि किती दिवसांचा, ग्रॅच्युइटीच्या वेतनात काय काय धरलं, आणि रजेचा दर कुठल्या महिन्याच्या किती दिवसांवरून काढला. माणूस जाताना त्याला रकमेचा धनादेश देतात तसाच हा कागदही द्यावा. फिटर दहा वर्षांनी तो कागद कपाटातून काढेल, तेव्हा त्याला त्याची २००९ ची ऑगस्टची तारीख आपल्या डोळ्यांनी तिथे दिसली पाहिजे.